एका खेपेला किती मागवायचं?

१. प्रश्न घरातलाच आहे

दुधाचा रतीब रोज येतो. गॅसचं सिलिंडर भरायचं म्हटलं की कंपनीने ठरवलेल्या वजनाचंच येतं. निम्मं द्या म्हटलं तर कोणी देत नाही. आणि गहू? वऱ्हाडातल्या पुष्कळ घरांत तो अजूनही उन्हाळ्यात एकदाच भरतात. उन्हात वाळवायचा, चाळायचा, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत टाकायचा, की वर्षाची चिंता मिटली.

एकाच घरात तीन जिन्नस तीन रीतींनी येतात, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. दूध टिकत नाही आणि दूधवाला दारात येतो, म्हणून रोज लागेल तेवढंच घेतात. सिलिंडरचा आकार दुसऱ्याने ठरवलेला असतो. गव्हाच्या बाबतीत मात्र घरातल्या बाईने हिशेब केलेला असतो. दर महिन्याला बाजारात जायचं, पोतं आणायचं, निवडायचं, हा त्रास एकीकडे. वर्षभर अडकलेले पैसे आणि सोंडे-किड्यांचं भय दुसरीकडे. दोन्ही तोलून ती ठरवते.

कारखान्यात कच्चा माल मागवताना नेमक्या याच तीन रीती वापरतात. एका वेळी मागवलेल्या मालाला तिथे ‘लॉट’ म्हणतात. आपण त्याला खेप म्हणू. खेप केवढी असावी हे ठरलं, की हंगामात किती वेळा मागवावं लागेल हेही आपोआप ठरतं.

२. आधी गाठी, मग आवरणं

उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातलंच घेऊ, आणि तेही कापसाचं. खामगाव ही कापसाची जुनी पेठ. इथला कापूस मुंबईकडे लवकर जावा म्हणून जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा टाकला गेला, आणि १८७० साली तो सुरू झाला तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावात आले होते. त्या काळापासून या भागाने सरकी वेगळी करणारे जिन आणि रुईच्या गाठी बांधणारे प्रेस पाहिले आहेत.

रुईची एक गाठ साधारण १७० किलोची असते. प्रेसमधून बाहेर पडली की तिच्यावर कापडी आवरण चढवतात, तोंड शिवतात आणि वर गाठीचा क्रमांक, वजन वगैरे छापतात. आवरण सुती कापडाचं हवं. तागाचे धागे रुईत मिसळले तर सूतगिरणीत ते शेवटपर्यंत छळतात. आपल्याला मागवायची आहेत ती ही आवरणं. एका गाठीला एक आवरण, म्हणजे हिशेब सोपा.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. बाजारात किती कापूस येईल याचा अंदाजच बांधावा लागतो. तो पावसावर, भावावर, वेचणीच्या मजुरांवर ठरतो. पण एकदा या आठवड्यात २,५०० क्विंटल कापसाची सरकी काढायची असं जिनवाल्याने ठरवलं, की आवरणांचा वेगळा अंदाज बांधायची गरज उरत नाही. साधारण पाच क्विंटल कापसातून एक गाठ निघते, म्हणजे ५०० गाठी, म्हणजे ५०० आवरणं. एक भागाकार, संपलं. ज्या वस्तूची गरज दुसऱ्या वस्तूच्या योजनेतून निघते, तिचा अंदाज बांधू नका, ती मोजा, हे जोसेफ ऑर्लिकी या अभियंत्याने १९७५ साली आपल्या पुस्तकात ठासून मांडलं. कारखान्यांतल्या आजच्या सामग्री-नियोजनाच्या संगणक प्रणाली त्याच विचारावर उभ्या आहेत.

मोजलेल्या गरजेतून कोठारातला शिल्लक माल आणि वाटेत असलेला माल वजा केला, की खरी गरज उरते. खेपेचा प्रश्न इथून पुढे सुरू होतो.

३. आठ आठवड्यांची वही

एक छोटा जिन डोळ्यांसमोर आणा. हा जिन मी हिशेबापुरता उभा केला आहे, पण त्यातला चढउतार कापसाच्या गावात राहणाऱ्याला ओळखीचा वाटेल. पहिला वेचा येतो तेव्हा आवक थोडी असते. मग ती वाढते. मध्येच अवकाळी पाऊस झाला, कापूस ओला झाला की आठवडाभर जिन बंद. भाव पडले की शेतकरी माल घरात धरून ठेवतात, पुन्हा एक आठवडा कोरडा. आवरणांची गरज अशी निघाली:

| आठवडा | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ | ८ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| आवरणं | १०० | ३०० | ० | ५०० | ५०० | २०० | ० | ४०० |

एकूण २,०००, सरासरी आठवड्याला २५०.

आता दोन खर्च ठरवू. एक खेप मागवायला १,००० रुपये लागतात: गाडीभाडं, उतरवण्याची हमाली, मोजणी, बिलाची नोंद. ही रक्कम शंभर आवरणं आणली तरी तेवढीच, हजार आणली तरी तेवढीच. दुसरा खर्च माल पडून राहण्याचा. एका आवरणाची किंमत २५० रुपये धरली आणि वर्षाला २० टक्के खर्च धरला, तर आठवड्याला एका आवरणामागे जवळजवळ एक रुपया होतो. त्यात बँकेचं व्याज आहे, कोठाराची जागा आहे, ओल आहे, उंदीर आहेत. कोठाराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकलेला गठ्ठा उचलून पाहा. खालच्या दोन आवरणांना बुरशीचे ठिपके आणि मधल्या घडीला उंदराने पाडलेलं रुपयाएवढं भोक दिसेल. भोक पडलेलं आवरण गाठीवर चढवता येत नाही.

आपण असं धरू की खेप सोमवारी सकाळी येते आणि शिल्लक शनिवारी संध्याकाळी मोजतात. शनिवारी जेवढी आवरणं कोठारात, तेवढे रुपये वहीत खर्ची.

४. पहिली रीत: लागेल तेवढंच

हा दुधाचा रतीब. प्रत्येक आठवड्याला जेवढी गरज, तेवढीच खेप. तंत्राच्या भाषेत याला ‘लॉट-फॉर-लॉट’ म्हणतात. पहिल्या सोमवारी १००, दुसऱ्या सोमवारी ३००, तिसऱ्याला काही नाही, चौथ्याला ५००, असं चालतं. शनिवारी कोठार रिकामं, म्हणून साठ्याचा खर्च शून्य. पण सहा वेळा गाडी आली. खर्च ६,००० रुपये.

नुसत्या बेरजेवरून ही रीत महाग दिसते, पण तिचा एक गुण बेरजेत येत नाही. योजना बदलली तर ती लगेच बदलते. पाचव्या आठवड्यात पावसाने आवक घटून ५००ऐवजी ३०० गाठी झाल्या आणि गाडी अजून निघालेली नसली, तर एक फोन करून खेप ३००ची करता येते. महागड्या, जागा खाणाऱ्या किंवा नासणाऱ्या वस्तूंसाठी हीच रीत योग्य असते, आणि पुरवठादार गावातच असेल तर खेपेचा खर्चही हजारावरून दोन-तीनशेवर येतो.

५. दुसरी रीत: दर वेळी एक हजार

हे सिलिंडर. पुरवठादार म्हणतो, गाडी भरायची तर हजार नग घ्या. मग गरज शंभराची असो की पाचशेची, येतील ते हजारच. माल कमी पडणार असं दिसलं की पुढची हजाराची खेप.

वही अशी चालते. पहिल्या सोमवारी १,००० आली, १०० वापरली, शनिवारी ९०० उरली. दुसऱ्या आठवड्याअखेर ६००. तिसरा आठवडा कोरडा, तेव्हा ६०० तशीच. चौथ्यात ५०० गेली, १०० उरली. पाचव्यात ५०० हवीत आणि हातात १००, म्हणून दुसरी खेप. शनिवारी ६०० शिल्लक. मग ४००, पुन्हा ४००, आणि आठव्याअखेर शून्य.

गाडी दोनदाच आली, २,००० रुपये. शनिवारच्या शिलका मिळवल्या तर ३,६०० होतात. एकूण ५,६०० रुपये.

कोठारवाल्याला ही रीत सोयीची. गठ्ठे मोजणं सोपं, रचणं सोपं, दर ठरलेला. पण पुरवठादाराच्या बाजूने पाहा. आवरणं शिवणाऱ्याला जिनकडून एका आठवड्यात हजाराची मागणी येते, पुढचे तीन आठवडे शुकशुकाट, मग पुन्हा हजार. जिनमध्ये मात्र पहिला महिना १००, ३००, ०, ५०० असा गेलेला असतो. खेप मोठी झाली की मागच्याला खरी मागणी दिसतच नाही, आणि तो बिचारा आपल्याकडेही जास्तीचा साठा धरून बसतो.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. पहिल्या चार आठवड्यांत ९०० आवरणं लागली आणि खेप हजाराची होती, म्हणजे १००चं अंतर राहिलं. दुसऱ्या आठवड्यात ३००ऐवजी ४०१ गाठी झाल्या असत्या, तर चौथ्या आठवड्यात फक्त एक आवरण कमी पडलं असतं. त्या एका आवरणासाठी पाचव्या आठवड्याची हजाराची खेप चौथ्यात ओढावी लागली असती. माल यायला आठवडा लागत असेल, तर हे आधीच्या सोमवारीच कळायला हवं होतं. ठरावीक नगाच्या रीतीत योजनेतला लहानसा फरक असा अख्ख्या खेपेची तारीख हलवतो.

६. तिसरी रीत: हॅरिसचं वर्गमूळ

हा गव्हाचा हिशेब. फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९१३ साली कारखानदारीच्या एका मासिकात लेख लिहिला. त्याचा प्रश्न अगदी साधा होता: एका वेळी किती भाग बनवावेत? खेप मोठी केली तर खेपांची संख्या घटते, साठा वाढतो. लहान केली तर उलटं. दोन्ही खर्च जिथे सारखे होतात, तिथे एकूण खर्च सर्वांत कमी असतो. त्या नगाला ‘इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी’ म्हणतात. आपण किफायती खेप म्हणू. पुढे १९३४ मध्ये विल्सन यांच्या लेखनामुळे हे सूत्र इतकं पसरलं की पुष्कळ ठिकाणी ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

सूत्र असं: आठवड्याची सरासरी गरज गुणिले एका खेपेचा खर्च गुणिले दोन, त्याला एका नगाच्या आठवड्याच्या साठवणखर्चाने भागा, आणि आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा. आपल्या जिनसाठी २५० × १,००० × २ म्हणजे ५,००,०००. भागिले १. वर्गमूळ सुमारे ७०७.

वर्गमूळामुळे दोन गोष्टी घडतात. खेपेचा खर्च चौपट स्वस्त झाला, हजाराचे अडीचशे झाले, तर खेप चौथाई होत नाही, निम्मी होते: ७०७ची सुमारे ३५४. तेवढीच गरज भागवायला खेपा दुप्पट होतात. दुसरी गोष्ट कोठारवाल्यासाठी दिलाशाची आहे. खेप थोडी चुकली तरी फारसं बिघडत नाही. दर आठवड्याला एकसारखी २५० आवरणं लागत असती, तर ७०७च्या खेपेने दोन्ही खर्च मिळून आठवड्याला ७०७ रुपये आले असते. हजाराच्या खेपेने ७५०, आणि पाचशेच्या खेपेनेही ७५०. खेपेत मोठा फरक, खर्चात सहा टक्क्यांचा. म्हणून ७०७चे ७०० करायला मुळीच कचरू नका.

७. तीनशे आवरणं उगाच पडून राहिली

आता ७००ची खेप आपल्या वहीत चालवू. पहिला सोमवार: ७०० आली, १०० गेली, ६०० उरली. दुसऱ्याअखेर ३००, तिसऱ्याअखेर ३००. चौथ्यात ५०० हवीत, हातात ३००. नवी खेप आली, शनिवारी ५०० उरली. पाचव्याअखेर शून्य. सहाव्यात पुन्हा खेप, ५०० उरली; सातव्यात ५००; आठव्याअखेर १००.

खेपा तीन, ३,००० रुपये. शिलकांची बेरीज २,८००. एकूण ५,८०० रुपये. जिच्या नावातच किफायत आहे ती खेप, पुरवठादाराने डोळे मिटून सांगितलेल्या हजारापेक्षा दोनशे रुपयांनी महाग पडली, आणि वर १०० आवरणं शिल्लक राहिली.

सूत्र खोटं नाही. हॅरिसने गृहीत धरलं होतं की माल दररोज सारख्या धारेने खपतो. कापसाची आवक तशी नसते, आणि गाठींवरून निघालेली आवरणांची गरज तर मुळीच नसते. चौथ्या सोमवारचा क्षण पाहा. कोठारात ३०० आवरणं आहेत. ती पहिल्या सोमवारपासून तिथेच आहेत. तीन शनिवार मोजली गेली, ९०० रुपये खाऊन बसली. आणि तरीही चौथ्यात गाडी मागवावीच लागली, कारण ३०० काही ५००ला पुरत नाहीत. साठा करायचा तो गाडीची एक फेरी वाचावी म्हणून. या ३०० आवरणांनी एकही फेरी वाचवली नाही.

खेपेचा नियम चुकतोय का, हे ओळखण्याची खूण हीच. नवी खेप येते त्या सकाळी, गाडी उतरण्याआधी, कोठारात किती माल आहे ते पाहा. अडीअडचणीसाठी मुद्दाम ठेवलेला राखीव साठा सोडला, तर तिथे काहीच नसायला हवं. दर वेळी दोन-तीनशे नग दिसत असतील, तर खेपेचा आकडा गरजेच्या उड्यांशी जुळत नाही असं समजा.

८. सूत्रातून नग घेऊ नका, अंतर घ्या

मग हॅरिसचं सूत्र टाकून द्यायचं का? नाही. त्यातला उपयोगी भाग वेगळा आहे. ७०७ आवरणं आणि आठवड्याला सरासरी २५०: म्हणजे एक खेप २.८ आठवडे, साधारण तीन आठवडे पुरावी. हा तीनचा आकडा धरा आणि सातशे विसरा. नियम असा करा: खेप मागवायची वेळ आली की पुढच्या तीन आठवड्यांची गरज मोजायची आणि नेमकी तेवढीच आणायची. ज्या आठवड्यात गरजच नाही, तिथून मोजणी सुरू करायची नाही.

पहिल्या सोमवारी १ ते ३ आठवड्यांची गरज ४००. आणा ४००. पहिल्या शनिवारी ३०० शिल्लक, दुसऱ्याला शून्य. चौथ्या सोमवारी ४, ५, ६ची गरज १,२००. शनिवारी ७००, मग २००, मग शून्य. सातवा कोरडा, म्हणून खेप आठव्यात: ४००.

खेपा तीनच, ३,००० रुपये. शिलका ३००, ७०० आणि २००, मिळून १,२००. एकूण ४,२०० रुपये. या आठ आठवड्यांसाठी याहून स्वस्त मांडणी नाही. इतर जोड्या लावून पाहायच्या असतील तर पाटी-पेन्सिल घेऊन बसा, तासाभरात खात्री पटते.

७००च्या खेपेने गाडी तीनदा आली होती, इथेही तीनदाच आली. कितीदा मागवायचं हे सूत्राने बरोबर सांगितलं होतं. चुकलं ते प्रत्येक वेळी सारखाच नग आणण्यात. खेप ४००, १,२००, ४०० अशी गरजेप्रमाणे लहान-मोठी होऊ दिली आणि १,६०० रुपये वाचले. या रीतीला ‘पीरियड ऑर्डर क्वांटिटी’ म्हणतात आणि नियोजनाच्या बहुतेक संगणक प्रणालींत तिचा पर्याय दिलेला असतो. प्रत्येक वेळी ती इतकी अचूक बसेलच असं नाही, पण उड्या मारणाऱ्या गरजेला ती सारख्या नगापेक्षा बहुधा चांगली पडते.

९. वहीबाहेरचे आकडे

दोन ठिकाणी हा सगळा हिशेब उलटतो. एक, सवलत. पुरवठादार म्हणाला, हजार एकदम घेतलीत तर नगामागे पाच रुपये कमी करतो. हंगामाच्या २,००० आवरणांवर १०,००० रुपये वाचतात. आपण इतका वेळ ज्याची काटछाट केली तो सगळा खर्च सहा हजारांच्या आत होता. तेव्हा हजाराचीच खेप घ्यावी. खेपेचं गणित करण्याआधी दराची बोलणी करावी, हा क्रम मी पक्का मानतो.

दोन, हंगामाचा शेवट. फरदडीचा उरलासुरला कापूस संपला की जिन थंडावतो तो पुढच्या दसरा-दिवाळीपर्यंत. ७००च्या खेपेने उरलेली ती १०० आवरणं मार्चपासून तीस आठवडे पडून राहिली, तर आठवड्याला शंभर रुपये याप्रमाणे ३,००० रुपये खातील, म्हणजे तीन गाड्यांचा खर्च. हंगामाची शेवटची खेप कोणत्याही सूत्राने काढू नये. ती लागेल तेवढीच मागवावी, आणि त्यासाठी एक जादा गाडी आणावी लागली तरी आणावी.

खेपेचा खर्च ठरवताना एक चूक फार होते. खरेदी कारकुनाचा महिन्याचा पगार खेपांच्या संख्येने भागून प्रत्येक खेपेवर टाकतात. पण खेपा निम्म्या केल्या म्हणून त्याचा पगार निम्मा होत नाही. जो पैसा गाडी न आल्याने खरोखर वाचतो, तेवढाच धरा. हा आकडा फुगला की सूत्र मोठी खेप सांगतं आणि कोठार भरत जातं.

तुमच्याकडे जिन नसेल, कचोरीचा धंदा असेल, शिवणयंत्रं असतील, डाळ मिल असेल, तरी गेल्या हंगामाची आवक-वही काढा. प्रत्येक खेपेच्या ओळीशेजारी पेन्सिलीने एक आकडा लिहा: माल आला त्या सकाळी आधीचा किती पडून होता. दहा ओळी लिहून झाल्या की तुमची खेप मोठी आहे की बरोबर, हे ती वहीच सांगेल.